अर्धवर्तुळाची फळी: ३.६ चा घोळ सुटला

दोन संख्यांचे अंकगणिती, भूमितीय आणि हरात्मक असे तिन्ही मध्य खिळे आणि दोऱ्यांनी दाखवणारी फळी मी करतोय. त्यातला तीन आठवडे छळणारा हरात्मक मध्य काल रात्री लाइट गेल्यावर टॉर्चच्या उजेडात सापडला!

मागच्या खेपेची ९ आणि १० ची फळी मोडली. त्यांचा अंकगणिती मध्य ९.५ आणि हरात्मक ९.४७, सेंटिमीटरमध्ये मांडलं तर फरक जेमतेम पाव मिलिमीटर, दोऱ्याच्या जाडीतच बुडतो. म्हणून या वेळी ४ आणि १६ घेतले. बेरजेचं अर्ध म्हणजे अंकगणिती मध्य १०, गुणाकाराचं वर्गमूळ म्हणजे भूमितीय ८, आणि दुप्पट गुणाकाराला बेरजेनं भागलं की हरात्मक ६.४.

सुतारदादांनी सागाचा छान तुकडा दिला. त्यावर २० सेंमी व्यासाचं अर्धवर्तुळ काढलं, डाव्या टोकापासून ४ वर खिळा ठोकला आणि गुण्या लावून कमानीवरच्या खिळ्यापर्यंत उभा दोरा ताणला. भरला बरोबर ८! दहावीचं भूमितीय मध्याचं प्रमेय बोटाखाली आलं. कमानीवरच्या त्या खिळ्यापासून व्यासाच्या मध्यावरच्या, म्हणजे मधल्या खिळ्यापर्यंतचा दोरा ही त्रिज्या, म्हणजे १०.

अडलं ते पुढं. ४ वरच्या खिळ्यापासून त्रिज्येच्या दोऱ्यावर लंब टाकला की तो जिथं टेकतो तिथपर्यंत त्रिज्येच्या दोऱ्यावर मोजलं तर ६.४ यायला हवं. मला दर वेळी ३.६. आधी नायलॉनच्या दोरीवर संशय घेतला आणि सुती दोरा लावला (नायलॉन ताणतंच, या कामाला घेऊच नका). मग गुण्या तपासला. तरी ३.६च. काल वहीत ३.६ खाली ६.४ लिहिलं आणि बेरीज १० दिसली. मी मधल्या खिळ्यापासून मोजत होतो. मोजायचं होतं कमानीवरच्या खिळ्यापासून. आणि ते ३.६ वाया गेलं नाही, अंकगणिती आणि हरात्मक मध्यातलं अंतर तेच आहे.

आता तिन्ही मध्यांचा मोठ्याकडून लहानाकडं जाणारा क्रम फळीवरच दिसतो. मोठ्या काटकोन त्रिकोणात १० चा दोरा कर्ण आणि ८ चा बाजू. लंबानं झालेल्या लहान त्रिकोणात ८ कर्ण आणि ६.४ बाजू. कर्ण बाजूपेक्षा मोठाच, म्हणून ४ चा खिळा कुठंही सरकवला तरी क्रम उलटत नाही. फक्त तो बरोबर मध्यावर आला, म्हणजे १० आणि १० झाले, की लंब उरतच नाही आणि तिन्ही मध्य एकच होतात.

पोराला ६.४ पटेना. त्याला गेल्या महिन्याची गोष्ट सांगितली. दारव्ह्याला ८ किलोमीटर सायकलनं ताशी १६ नं गेलो, अर्धा तास. येताना पंक्चर, ढकलत ताशी ४ नं, दोन तास. १६ किलोमीटरला अडीच तास, सरासरी ६.४. "मग १० कुठं गेले, बाबा?" हळू चाललो त्यातच जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी ४ कडं ओढली गेली.

पुढं रंग देणार होतो, पण लिहिता लिहिता बेत बदलला. जुन्या सरकत्या खिडकीची पट्टी घरात पडून आहे. ४ चा खिळा तिच्यावर बसवला तर तिन्ही दोरे सरकताना दिसतील. कमानीवरचा खिळा सोबत कसा सरकवायचा, तेवढं कुणी केलं असेल तर सांगा.