ओठावरचं केसतोड

कॅज्युअल्टीतून फोन आला, "मॅडम, डोक्याला टाके पडलेला पेशंट आहे. रक्त डोळ्यात उतरलंय, एकदा बघून घ्या." ट्रॅक्टर चालवणारा, पस्तिशीतला गडी. दोन दिवसांपूर्वी गोठ्याच्या तुळईवर डोकं आपटून कपाळाच्या वर खोक पडली होती. उजव्या पापणीला एवढी सूज की डोळा दिसतच नव्हता.

तो अंदाज साहजिक होता. कवटीवर पाच थर असतात: कातडी, तिच्याखाली रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला दाट थर, मग एक चिवट पडदा, त्याखाली सैल जाळीदार थर आणि शेवटी हाडाला चिकटलेलं आवरण. चौथ्या सैल थरात रक्त साठलं की ते अडत नाही. मागे आणि बाजूंना पडदा हाडाशी बांधलेला असतो, पण पुढे कपाळाचा स्नायू हाडाला चिकटत नाही, तो भुवईच्या कातडीत मिसळतो. त्यामुळे रक्त सरळ वरच्या पापणीत उतरतं. मार डोक्याला लागतो आणि डोळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळेनिळे होतात ते यामुळेच.

पण ही पापणी काळीनिळी नव्हती. लालबुंद होती, हाताला गरम लागत होती आणि अंगात सडकून ताप होता. पापणी उचलून धरली तर डोळा पुढे आलेला, पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण पाणी भरल्यासारखं फुगून खालच्या पापणीवर आलेलं. "उजवीकडे बघा," म्हटलं. बुबुळ मध्यापर्यंत आलं आणि थांबलं. नुसतं रक्त पापणीत उतरलं असेल तर आत डोळा मोकळा फिरतो.

टाक्यांची जखम मी आधी तपासली. त्या चौथ्या थरात पू झाला तर कवटीतून आरपार जाणाऱ्या बारीक शिरांवाटे तो आत पोहोचू शकतो. जखम मात्र कोरडी होती, दाबून दुखतही नव्हती. मग दाट मिशीत बोटाने चाचपलं. उजव्या नाकपुडीखाली खपली लागली.

"इथं काय झालं होतं?"

बायको म्हणाली, "केसतोड होतं मॅडम. लई ठणकत होतं, म्हणून बाभळीच्या काट्यानं फोडलं आन् पिळून काढलं."

ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपासून नाकाच्या मुळापर्यंतचा त्रिकोण म्हणजे चेहऱ्याचा धोक्याचा भाग. इथलं रक्त एरवी खाली मानेकडे जातं. पण इथली शीर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी खोबणीतल्या शिरेला जोडलेली असते आणि ती मागे कॅव्हर्नस सायनसमध्ये, म्हणजे डोळ्यांमागे मेंदूच्या बुडाशी असलेल्या शिरेच्या रक्ताच्या पोकळीत, उघडते. या वाटेवर रक्त उलटंही वाहू शकतं. फोड पिळला की जंतू आणि गुठळी त्या दिशेने ढकलली जाते. सायनसच्या पोकळीतून मेंदूची मोठी धमनी जाते आणि तिला लागून सहावी नस. डोळा बाहेरच्या बाजूला वळवते ती हीच. बाकीच्या नसा भिंतीत असतात, ही आत उघडी असते, म्हणून बहुधा हिच्यावर आधी घाला पडतो.

कापसाचा धागा दोन्ही बाजूंना फिरवून पाहिला. उजवं कपाळ बधिर होतं आणि गालही. कॅव्हर्नस सायनसमध्ये संसर्ग होऊन गुठळी झाल्याचा माझा संशय इथे पक्का झाला, कारण नुसत्या खोबणीतल्या संसर्गात कपाळ आणि गाल दोन्ही एकदम बधिर होणं जुळत नाही. साखर 380 निघाली. मधुमेह आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

कल्चरसाठी रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक्स सुरू केली. त्यात व्हँकोमायसिन होतंच, कारण अशा फोडांत बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस असतो आणि तो साध्या औषधांना दाद देईलच असं नाही. शिरेत डाय देऊन केलेल्या एमआरआयमध्ये उजवा सायनस फुगलेला दिसला. आत गुठळी होती, खोबणीतली शीरही जाड झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डावी पापणीही सुजली आणि तो डोळाही बाहेर वळेना. दोन्ही बाजूंचे सायनस एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एक-दोन दिवसांत दुसरा डोळा धरणं ही या आजाराची ठळक खूण आहे.

हेपॅरिनवर आमची बरीच चर्चा झाली. गुठळी वाढू नये म्हणून ते देतात, पण त्याचा फायदा वादातीत नाही आणि या माणसाच्या डोक्याला मार लागलेला. सीटीत मेंदूत कुठेही रक्तस्राव नाही हे बघून, न्यूरोसर्जनशी बोलूनच ते दिलं. कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकसच निघाला. अँटिबायोटिक्स काही आठवडे शिरेतूनच चालली, कारण गुठळीच्या आत औषध सहज पोहोचत नाही.

तो वाचला, दृष्टीही राहिली. अँटिबायोटिक्स येण्यापूर्वी या आजारातून जवळपास कोणीच उठत नसे, आणि आजही काहीजण दगावतात. उजवा डोळा मात्र कित्येक महिने पुरता बाहेर वळत नव्हता. एकाच्या दोन वस्तू दिसायच्या म्हणून मी त्याला एका डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितली, आणि तोवर ट्रॅक्टर बंद. डिस्चार्जच्या वेळी त्याची बायको विचारत होती, पुन्हा केसतोड झालं तर काय करायचं. म्हटलं, कोमट पाण्याच्या कापडाने शेकायचं, पिळायचं नाही, टोचायचं नाही. आणि ताप आला, डोकं ठणकलं किंवा पापणी सुजली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.