तुम्ही विचारलंत म्हणून: कॅपिटल अक्षरं आणि मोजके इमोजी

“तुमच्या पोस्टमधल्या हॅशटॅगला मध्येच कॅपिटल अक्षर का असतं? आणि इमोजीत एवढी काटकसर का?”

फोंड्याकडच्या आमच्या नाट्यमंडळाच्या पोस्ट मी लिहितो. जत्रेच्या नाटकाला येणारे काही प्रेक्षक फोनचा पडदा पाहू शकत नाहीत, ते टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय, लावून ऐकतात. #jatrechenatak लिहिलं तर टॉकबॅक ते एकाच दमात काहीतरी अगम्य उच्चारून टाकतो. #JatrecheNatak लिहिलं की दोन शब्द वेगळे ऐकू येतात. शोधताना दोन्ही सारखेच धरले जातात, म्हणजे पोहोच कमी होत नाही. फक्त टॅग टाइप करताना खाली येणाऱ्या यादीतून उचलू नका, तिथे बहुतेकदा सगळी अक्षरं लहान असतात.

देवनागरीत कॅपिटल नाहीत, म्हणून मी अंडरस्कोअर घालतो: #जत्रेचं_नाटक. हायफन घातला किंवा जागा सोडली की टॅग तिथेच तुटतो.

इमोजीचं म्हणाल तर प्रत्येकाला नाव असतं आणि ते मोठ्याने वाचलं जातं. मंडळातल्या एकाने लिहून पाठवलेली ओळ अशी होती:

🪔 आज 🪔 रात्री 🪔 १० वाजता 🙏🙏

दिसायला झकास. ऐकताना मात्र “दिया लँप, आज, दिया लँप, रात्री...” करत वेळ कधी येते याची वाट बघत बसावं लागतं. मी एकच पणती ठेवली, तीही वाक्याच्या शेवटी. हात जोडायचेच असतील तर “अगत्याने यावे” लिहिलेलं मला जास्त गोड वाटतं.

खरी गोम पोस्टरची. सगळा मजकूर चित्रात असतो आणि चित्रातलं टॉकबॅक नेमकं वाचेल याची खात्री नाही. त्यासाठी ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं लेखी वर्णन. इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकण्याआधी जास्तीच्या सेटिंगमध्ये त्याची जागा सापडते. नुसतं “पोस्टर” लिहून भागत नाही. मी असं लिहितो:

“जत्रेच्या नाटकाचं पोस्टर. मधोमध भरजरी शेला घेतलेला राजा, हात तलवारीच्या मुठीवर. मागे देवळाची उजळलेली दीपमाळ. खाली मजकूर: शनिवार, रात्री १० वाजता, देवळासमोरचा मंडप, प्रवेश विनामूल्य.”

आमच्या पोस्टरवर कडेला देणगीदारांची नावं दाटीवाटीने असतात. ती वर्णनात कोंबली तर ऐकणारा नाटकापर्यंत पोहोचायचाच नाही, म्हणून ती कॅप्शनच्या तळाशी जातात. वार, वेळ आणि फोन नंबरही मी कॅप्शनमध्ये पुन्हा देतो. ऑल्ट टेक्स्टमधला नंबर नुसता ऐकू येतो, बोटाने निवडून कॉपी करता येत नाही.

टाकून झाल्यावर अँड्रॉइडवर टॉकबॅकचा शॉर्टकट सुरू करून आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद दाबून धरा आणि स्वतःची पोस्ट ऐका. तेव्हा एका टॅपने गोष्ट फक्त निवडली जाते, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं आणि पान दोन बोटांनी सरकतं. बंद करायलाही तीच बटणं.