अकाउंट ओपनिंग फॉर्म आणि दिंडोरीच्या मावशी

बँकेचा खातं उघडायचा फॉर्म आपण कुणी वाचत नाही, पेन्सिलने फुल्या मारलेल्या असतात तिथे सह्या ठोकतो आणि मोकळे होतो. नाव, पत्ता, आधार, पॅन इथपर्यंत डोकं चालवायची गरजही नसते. डोकं लागतं ते दोनच ठिकाणी, खातं कोण चालवणार आणि नॉमिनी कोण, आणि नेमक्या तिथेच आपण "टाका तुम्ही काहीतरी" म्हणून मोकळे.

रविवार कारंज्याजवळच्या एका बँकेत पासबुक भरायला गेलो होतो, प्रिंटर नेहमीसारखाच रुसलेला, त्यामुळे शेजारच्या काउंटरवर काय चाललंय ते ऐकायला भरपूर वेळ. दिंडोरीकडच्या एक मावशी, द्राक्षाचे पैसे आलेले, हातात फॉर्म, समोर तिशीतली क्लार्क ताई.

मावशी : ताई, हे परदेशात टॅक्स भरता का कशाला विचारलंय?

क्लार्क : सगळ्यांनाच विचारतात मावशी, नाही वर टिक करा. आता हे सांगा, खातं एकटीचं की जॉइंट?

मावशी : एकटीचंच. नॉमिनी मुलीला करा, ती इथे इंदिरानगरला असते. मी उद्या दवाखान्यात पडले तर तिला पैसे काढता यायला पाहिजेत.

क्लार्क : नॉमिनीला नाही काढता येणार. तुम्ही आहात तोवर नॉमिनीला खात्यात हात लावता येत नाही.

मावशी : अगंबाई! मग काय उपयोग तिचा?

(माझ्या मागच्या काकांनी पण मान वर केली, म्हणजे त्यांनाही हे नवीन होतं.)

क्लार्क : दवाखान्यासाठी तिला खात्यातच घ्यावं लागेल. जॉइंट करा आणि इथे आयदर ऑर सर्व्हायव्हर वर टिक करा, मग तुमच्या दोघींपैकी कोणाचीही एक सही चालते. पण त्याच्याखालचं फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर घेतलंत तर तुम्ही असेपर्यंत फक्त तुमची सही, तिची नंतरच.

मावशी : मग ते वरचंच करा. आणि माझ्यामागे पोराला आणि पोरीला निम्मं-निम्मं. तो पुण्याला असतो म्हणून काय झालं.

इथे ताईने पेन खाली ठेवलं. मला वाटतं काउंटरवर गर्दी असती तर ठेवलं नसतं, टिक करून पुढचा टोकन नंबर घेतला असता.

क्लार्क : मावशी, या दोन गोष्टी एका खात्यात बसत नाहीत. जॉइंट खात्यात तुम्ही गेलात तर उरलेले सगळे पैसे बँक मुलीला देणार, कारण खात्यावर ती राहिली. नॉमिनीचा नंबर दोघी गेल्यावर लागतो. मुलाला काही मिळायचं तर बहिणीने द्यायचं नाहीतर त्याने वारस म्हणून भांडत बसायचं.

मावशी : देईल हो ती.

क्लार्क : देतील ना, पण जावई, सून... (पुढचं बोलली नाही, मावशींनीही विचारलं नाही.)

मग तिने जे सुचवलं ते मला फार आवडलं. दोन खाती करा. एक मुलीबरोबर जॉइंट, त्यात दवाखान्यापुरते लाखभर ठेवा. बाकीचे पाच लाख तुमच्या एकटीच्या खात्यात, तिथे दोघं नॉमिनी, पन्नास-पन्नास टक्के. पूर्वी खात्याला नॉमिनी एकच टाकता यायचा, १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत टाकता येतात, एकतर सगळ्यांना एकदम टक्के वाटून, नाहीतर एकामागे एक, म्हणजे पहिला हयात नसेल तरच दुसऱ्याला. हा दुसरा प्रकार चुकून निवडला गेला तर मावशींच्या निम्म्या-निम्म्याचं पुन्हा वाटोळं, कारण यादीत पहिलं नाव असेल त्यालाच सगळं मिळणार.

मावशी : म्हणजे नॉमिनी केलं की ते पैसे त्यांचे झाले ना?

क्लार्क : बँक त्यांच्या हातात देते एवढंच. मालकी वारसांची, मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलंय त्यांची. तुमचे वारस हीच दोघं, त्यामुळे नॉमिनी आणि वारस एकच झाले, भांडण नको. पासबुकवर नॉमिनीचं नाव छापायचं का?

मावशी : नको, जाता-येता कोणी पण पासबुक बघतं घरात.

नाव न छापता नुसतं नॉमिनेशन नोंदवलंय एवढंच छापता येतं, हे माझ्या पासबुकवर मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मावशींनी सही केली, सावकाश, शिरोरेषेसकट. अंगठा असता तर दोन साक्षीदार लागले असते, सहीला लागत नाहीत, मागचे काका उगाच पेन काढून तयार झाले होते.

मग टक्क्यांच्या रकान्याशी मावशी थांबल्या.

मावशी : ताई, पोरीला एक्कावन्न लिहिलं तर चालतं का गं? शेवटी दवाखाना तीच करणार.

क्लार्क : बेरीज शंभर झाली की झालं मावशी.