आमची वाटचाल: चौसष्ट अंशांची भिंत

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचा तापमानाचा कंट्रोलर सुरुवातीला मासळीच्या शीतगृहांसाठी बनायचा. कॉर्टेक्स-एम० चिपमध्ये फ्लोटिंग पॉइंट युनिट नाही, म्हणून तापमान ६५५३६ ने गुणून पूर्णांकात ठेवायचं आणि कॅलिब्रेशनचा गुणक ५१२ पटीत. उणे १८ वर त्याने कधी कुरकुर केली नाही. ती वर्षं सुखाची गेली.

मग साखळीच्या काजूवाल्या भाऊंनी गर वाळवायच्या बोरमा ड्रायरसाठी तोच कंट्रोलर मागितला. पहिल्याच घाण्यात ७० अंशांच्या ड्रायरवर डिस्प्लेने -58 दाखवलं, हीटर पूर्ण चालू राहिला आणि गर करपला. एका प्रतिस्पर्ध्याने ही बातमी बाजारभर केली: "यांच्या पेट्या काजू जाळतात." ते वाक्य मी विसरलेलो नाही. त्या हंगामात तीन ऑर्डरी गेल्या. भाऊ मात्र म्हणाले, "पेटी घेऊन जा, पण दुरुस्त करूनच आण."

रात्री तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर काढून त्याच्या जागी हवा तो रोध देणारा डिकेड बॉक्स लावला. हा जुना, जड डबा आजही माझ्या टेबलावर असतो. १२४.७ ओहमला ६३.८ दिसलं. एक टिचकी पुढे, १२४.८ ला, थेट -63.9. खरं उत्तर ६४.१ हवं होतं, म्हणजे फरक बरोबर १२८. चूक दोनाच्या घाताएवढी निघाली की वायरिंगवर संशय घेऊ नका, ओव्हरफ्लो शोधा. ६४ × ६५५३६ × ५१२ म्हणजे नेमका दोनाचा ३१वा घात. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात तो मावतच नाही. शीतगृहात तिथवर कोण पोचणार?

पहिली दुरुस्तीही फसली, कारण कास्ट कंसाबाहेर होता:

```c
t = (int64_t)(raw * gain) >> 9;  // चूक
t = ((int64_t)raw * gain) >> 9;  // बरोबर
```

पहिल्या ओळीत गुणाकार ३२ बिटांतच होतो आणि बिघडलेलं उत्तर मोठ्या भांड्यात ओतलं जातं.

दुसरी ओळ बरोबर आहे, पण या चिपवर ६४ बिटांचा गुणाकार लायब्ररीतून येतो, हळू. शेवटी आम्ही पटच बदलली. सेन्सरचा सिग्नल आकड्यात बदलणाऱ्या, १५० अंशांवर पसरलेल्या १२ बिटांच्या एडीसीची एक पायरी ०.०३७ अंशाची; मग सोळा बिटांचे अपूर्णांक कशाला? २५६ पट घेतली तरी पायरी ०.००४ अंशाची राहते आणि ७० अंशांचा गुणाकार कोटीच्याही आत बसतो. नव्या मुलांना मी सांगतो, आधी सेन्सर किती बारीक वाचतो ते बघा, मग पट ठरवा. आणि ५१२ ने भागणाऱ्या शिफ्टच्या आधी त्याचं अर्धं, म्हणजे २५६, मिळवा, नाहीतर उत्तर सतत खालीच घसरतं.

पेटी परत नेली तेव्हा भाऊ स्वतः ड्रायरपाशी उभे राहिले. ६३, ६४, ६५. पासष्टला त्यांनी गड्यांना हाक मारली, "भरा रे ट्रे."