नावे-जमा एका रकान्यात आणताना सापडलेला २,५७० चा फरक

एका ग्राहकाच्या खात्याचं पान माझ्याकडे आलं ते दोन रूपांत. एक खातेवहीचा फोटो आणि दुसरी त्यावरून कुणीतरी टाइप केलेली शीट. पुढच्या सॉफ्टवेअरला नावे आणि जमा असे वेगळे रकाने चालत नव्हते. त्याला रकमेचा एकच रकाना हवा होता, नावे अधिक आणि जमा उणे. शीटमधून तसा रकाना तयार केला, तर शेवटची शिल्लक ४,४०५ आली. फोटोत मात्र पानाच्या तळाशी १,८३५ नावे असं स्वच्छ लिहिलेलं होतं. फरक २,५७० चा.

अशा वेळी हिशेबनीस हमखास दोन गोष्टी करून बघतो. फरकाला दोनने भागायचं, कारण एखादी रक्कम चुकीच्या बाजूला गेली की फरक तिच्या दुप्पट पडतो. दुसरं म्हणजे नऊने भागून बघायचं, कारण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. इथे निम्मे केले तर १,२८५ आले आणि त्या रकमेची नोंद पानावर कुठेच नव्हती. नऊने भागही जात नव्हता. दोन्ही युक्त्या एका चुकीसाठी आहेत. पानावर चुका दोन असल्या की त्यांची बेरीज कशाशीच जुळत नाही.

म्हणूनच फोटोवरून थेट उणे-अधिक रक्कम टाइप करणं मला पटत नाही. वहीत जे रकाने आहेत ते आधी जसेच्या तसे उतरवावेत आणि चिन्हाचा रकाना सूत्राने काढावा. वहीच्या तळाशी बेरजा असतात त्या नावे आणि जमा अशा वेगवेगळ्या. हे रकाने आधीच मोडून टाकले, तर ताळा घ्यायला त्या बेरजा हातात उरत नाहीत. या शीटमध्ये सुदैवाने दोन्ही रकाने शाबूत होते, C मध्ये नावे आणि D मध्ये जमा. शिल्लक आणि तिची बाजू मात्र टाइप केलेली नव्हती. ती फोटोवरून मी E आणि F मध्ये भरली. पहिली ओळ शीर्षकांची, दुसरी आरंभीच्या शिलकेची. त्यापुढे ही सूत्रं:

```
G2: =C2-D2
H2: =G2
H3: =H2+G3
I2: =IF(F2="ज",-E2,E2)
J2: =H2-I2
K2: =COUNT(C2:D2)
```

G म्हणजे चिन्हासह रक्कम, H शीटमधून निघणारी शिल्लक, I वहीतली शिल्लक, J या दोन शिलकांमधला फरक आणि K त्या ओळीत किती रकमा भरल्या आहेत ती संख्या. H3 चं सूत्र तिथून खाली ओढायचं, G, I, J आणि K ची दुसऱ्या ओळीपासून. F मध्ये बाजू लिहिताना नुसतं ना किंवा ज लिहावं. "ज." असं टिंब राहिलं तर तुलना फसते आणि जमा शिल्लक नावे धरली जाते. याच पानावर ३०,००० चा धनादेश जमा झाल्यावर शिल्लक उलटून ४,०३५ जमा झाली होती, त्यामुळे ही काळजी घ्यावीच लागली.

G साठी साधी वजाबाकीच का, हेही सांगतो. पुष्कळ जण =IF(C2>0,C2,-D2) असं लिहितात. पण काही वह्यांत आधीची नोंद रद्द करताना तीच रक्कम नावे रकान्यातच कंसात लिहितात. एक्सेलमध्ये (500) असं टाइप केलं की ते उणे ५०० होतं. वर दिलेलं IF त्याला शून्यापेक्षा मोठं मानत नाही, रिकाम्या जमा रकान्याकडे जातं आणि ओळीची रक्कम शून्य करून टाकतं. वजाबाकीत हे घडत नाही. काही जण =N(C2)-N(D2) वापरतात, तेही मी टाळतो. वहीत रिकाम्या जागी मारलेली आडवी रेघ टाइप झाली असेल, तर N तिला गुपचूप शून्य करतो. साधी वजाबाकी #VALUE! दाखवते, आणि ते दिसायलाच हवं. मजकूर म्हणून साठवलेला आकडाही N शून्यच धरतो, म्हणजे अख्खी रक्कम गायब. K चा रकाना त्यासाठीच आहे. प्रत्येक नोंदीत तिथे १ यायला हवा. ० आला तर रक्कम राहिली आहे किंवा आकडा मजकूर झाला आहे, २ आला तर दोन्ही बाजू भरल्या गेल्यात.

इथे K सगळीकडे १ होता. मग तळाच्या बेरजा. वहीत नावे ४३,०७५ आणि जमा ४१,२४० होते, शीटमध्ये नावे ४४,४०५ आणि जमा ४०,०००. जमेत १,२४० कमी, नाव्यात १,३३० जास्त. एवढ्यावरूनच चित्र बरंचसं उलगडलं. १,२४० बहुधा इकडची तिकडे गेली होती आणि नाव्यात आणखी ९० कुठूनतरी शिरले होते. ९० ला नऊने भाग जातो.

नेमक्या ओळी J ने दाखवल्या. J वाचताना आकडा किती आहे यापेक्षा तो कुठे बदलतो हे बघायचं. पाचव्या ओळीपर्यंत शून्य होता, सहाव्या ओळीत २,४८० झाला, सातव्या ओळीत २,५७० झाला आणि तिथून शेवटपर्यंत हलला नाही. न हलणारा फरक म्हणजे त्या खालच्या ओळी बरोबर आहेत, फक्त वरची चूक पुढे वाहत आली आहे. त्या ओळी पुन्हा तपासत बसायचं कारण नाही.

सहावी ओळ "माल परत" ची, रक्कम १,२४०. फोटो मोठा करून पाहिला. हे डावं पान होतं, म्हणजे जमा रकाना बांधणीच्या बाजूला. पान तिथे फुगलं होतं, उभी रेघ वाकली होती आणि १,२४० मधला १ त्या रेघेवर चढून नावे रकान्यात शिरल्यासारखा दिसत होता. रेघेवर विसंबता येत नव्हतं, पण शिल्लक १९,६४५ वरून १८,४०५ वर उतरली होती. ग्राहकाच्या खात्यात रक्कम नावे पडली तर नावे शिल्लक वाढते, उतरत नाही. शिवाय ग्राहकाने माल परत केला की त्याचं खातं जमाच होतं. रक्कम D मध्ये हलवली.

सातव्या ओळीत शीटवर ७,६५० होते. वहीतली शिल्लक १८,४०५ वरून २५,९६५ वर गेली होती, म्हणजे बिल ७,५६० चं. फोटोतही ७,५६० च होतं. ते दुरुस्त केल्यावर J संपूर्ण शून्य झाला, G ची बेरीज १,८३५ आली आणि दोन्ही रकान्यांच्या बेरजा वहीशी जुळल्या.

कधी याच्या उलट घडतं. J मध्ये फरक दिसतो, पण C आणि D च्या बेरजा वहीशी तंतोतंत जुळतात आणि त्या ओळीतली रक्कमही फोटोप्रमाणेच असते. तेव्हा बहुधा वही लिहिणाऱ्याचीच शिल्लक काढताना गफलत झालेली असते. अशा वेळी नोंदीची रक्कम बदलायची नाही, वेगळ्या रकान्यात शेरा लिहायचा आणि वहीच्या मालकाला कळवायचं. वहीत शिल्लक दर ओळीला न लिहिता अधूनमधूनच लिहिली असेल, तर J फक्त तेवढ्याच ओळींसाठी काढावा. चूक कोणत्या दोन शिलकांच्या मध्ये आहे एवढं त्यातून कळतं. आणि एकाच बाजूच्या दोन नोंदींच्या रकमांची अदलाबदल झाली, तर तळाच्या बेरजा जुळूनही जातात. ती फक्त ओळीच्या शिलकेत सापडते.

पुढच्या पानाच्या डोक्यावर "पुढे आणले" म्हणून नावे ४३,०७५ आणि जमा ४१,२४० हे दोन्ही आकडे होते. त्या ओळीत K मध्ये २ येणं बरोबरच आहे. त्या पानाच्या ताळ्यासाठी ती ओळ ठेवली, पण एकत्र यादी करताना वगळली, नाहीतर मागच्या पानाची शिल्लक दुसऱ्यांदा मोजली गेली असती. शेवटी G ची सूत्रं काढून तिथे फक्त मूल्यं चिकटवली आणि रकान्याचं शीर्षक "रक्कम (नावे +, जमा −)" असं लिहिलं, कारण काही सॉफ्टवेअर जमा अधिक धरतात आणि नुसत्या आकड्यावरून दिशा कळत नाही. C आणि D चे रकाने मूळ शीटमध्ये तसेच ठेवले.