चौकड्यांची साडी आणि हिरवे डाग

फोंड्याला आमचा छोटा स्टुडिओ आहे. फोटो, अल्बम, फ्लेक्स, सगळं तिथेच होतं. गेल्या पावसाळ्याच्या आधी एक गृहस्थ आईचा फोटो घेऊन आले. आईचा अमृतमहोत्सव होता आणि चार बाय सहा फुटांचा फ्लेक्स हवा होता. फोटो घराच्या चुना मारलेल्या भिंतीसमोर काढलेला. आई कुणबी साडीत, तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांची, खांद्यावर गाठ मारलेली. त्यांना मागे भिंत नको होती, आईने जन्मभर राबलेलं माडा-पोफळींचं कुळागर हवं होतं.

मी सकाळी फोटोशॉपमध्ये `Select Subject` चालवलं, मग `Select and Mask` मध्ये केसांसाठी कडेचा ब्रश फिरवला. खांद्यावर केस मोकळे होते, म्हणून तोच ब्रश गाठीवरून आणि पदरावरूनही गेला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाहिलं, छान दिसलं. मागे कुळागर टाकलं, घाईत छोटा नमुना छापून दिला.

दुपारी ते परत आले. "ताई, आईच्या साडीला हे हिरवे डाग कसले?"

डाग नव्हते. भोकं होती. चित्राचा कुठला भाग दिसावा आणि कुठला लपावा ते ठरवणारा काळा-पांढरा थर म्हणजे मास्क; त्यावर `Alt` दाबून क्लिक केलं तेव्हा सगळं उघडं पडलं. अंगाचा भाग शुभ्र दिसायला हवा होता, तिथे पदरभर करड्या चौकोनांची जाळी होती. पांढऱ्या चौकड्या अर्धवट पारदर्शक झाल्या होत्या आणि मागच्या माडा-पोफळींचा हिरवा रंग त्यांतून डोकावत होता. पांढऱ्यावर तपासताना ते दिसलंच नव्हतं, कारण पांढऱ्या भोकातून पांढरंच दिसतं. तेव्हापासून कुठलंही कापलेलं चित्र मी आधी भडक राणी रंगावर ठेवून बघते.

असं का होतं ते चौकड्यांच्या कापडावर नीट कळतं. आपोआप निवडणारी साधनं रंग किंवा उजेड कुठे एकदम बदलतो ते बघतात आणि तिथे कड धरतात. साध्या साडीत असा बदल मुख्यतः अंगाच्या कडेलाच असतो. इथे तांबड्या रेघेपासून पांढऱ्या चौकोनापर्यंतचा बदल, पांढरा चौकोन आणि पांढऱ्या भिंतीतल्या बदलापेक्षा कितीतरी ठळक होता. केसांच्या ब्रशचं कामच बारीक रेघांमधली जागा मोकळी करायचं. साडीच्या रेघाही त्याला केसांसारख्याच वाटल्या.

आतली भोकं बुजवणं सोपं होतं. कडक कडेचा ब्रश घेऊन मास्कवर पांढरा रंग भरला, पाच मिनिटांत झालं. खरं काम उजव्या कडेचं होतं. तिथे भिंतीला टेकलेल्या पांढऱ्या चौकड्या खाल्ल्या गेल्या होत्या आणि बाह्यरेषा जिन्याच्या पायऱ्यांसारखी झाली होती. तिथे हाताने एकेक बिंदू देत रेघ मारायच्या पेन टूलशिवाय इलाज नव्हता.

पण रेघ मारायला आधी कड दिसायला हवी. लाल, हिरवा, निळा असा एकेका रंगाचा चॅनल उघडून पाहिला. निळ्या चॅनलमध्ये भिंत थोडी उजळ आणि कापड थोडं मळकट दिसलं. चुन्यात नीळ घातलेली होती आणि सुती साडीचा पांढरा मुळात दुधी होता, म्हणून हा फरक. वर कर्व्ह्जचा तात्पुरता लेयर टाकून तो फरक ताणला, तेव्हा कड उमटली. काम झाल्यावर तो लेयर काढून टाकला.

एका ठिकाणी, खांद्याच्या गाठीखाली, ऊन इतकं पडलं होतं की कुठल्याच चॅनलमध्ये काही उरलं नव्हतं. तिथे साडीनेच वाट दाखवली. आडव्या तांबड्या रेघा जिथे जिथे संपत होत्या, ती टोकं जोडली की कापडाची कड मिळत होती. मधली वळणं मात्र अंदाजाने घेतली, हे मी त्या गृहस्थांना सांगितलं.

बिंदू चौकडीगणिक द्यायचा नाही, चुणीगणिक द्यायचा. चौकडीगणिक दिला की कड दातेरी होते. मोठं करून, कडेच्या एक-दोन पिक्सेल आतून गेले, नाहीतर हिरव्यावर भिंतीची पांढरी किनार उरते. कोपर आणि कमरेमधल्या फटीसाठी वेगळा पाथ करून तो वजा केला. सिलेक्शन करताना फेदर अर्धा पिक्सेल. केसांचा मास्क वेगळा केला आणि साडीला लागू दिला नाही. अडीच तास गेले.

संध्याकाळी दुसरा नमुना त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दारातल्या उजेडात नेला आणि गाठीवर बोट ठेवलं. "ही गाठ अजून ती स्वतः मारते. बरोबर आलीय."

पाथ फाइलमध्ये सेव्ह करून ठेवला आणि फ्लेक्स मशीनवर चढवला.