दोन ओळी कापलेला औदुंबर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला तेव्हा सहलीबद्दल लिहावं असा माझा विचार होता. त्याच आठवड्यात दहावीतल्या भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्याशा जुन्या पाठ्यपुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवला. वर्गात सरावाला दिलेली कविता होती ती, बालकवींची ‘औदुंबर’. “मामा, रसग्रहण लिहिलंय. बोर्डात चार मार्कांना येतं. बघ ना जरा.” आणि सहल राहिली बाजूला, मला आमच्या मराठीच्या बाई दिसायला लागल्या.

बाई रसग्रहणाची वही तपासताना फार बोलायच्या नाहीत. समासात लाल पेनाने एकच शब्द लिहायच्या : ‘कुठे?’ ‘कवीने निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे.’ कुठे? ‘शब्दयोजना समर्पक आहे.’ कुठे? एकदा मी बालकवींचा जन्म 1890चा, 1907च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, 1918 साली रेल्वे अपघातात गेले, असा अर्धा पान मजकूर उतरवला होता. त्याला ‘कुठे?’सुद्धा मिळालं नाही, सरळ काट मिळाली. रसग्रहण ओळींचं असतं, कवीचं नाही.

भाचीने आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषासौंदर्य असे तीन परिच्छेद नीट पाडले होते. पण मजकूर असा, की कवितेचं नाव झाकलं तर पावसाच्या, श्रावणाच्या कुठल्याही कवितेला लागू पडावा. “हिरव्यागार निसर्गाने कवीचे मन आनंदित झाले आहे.” मी विचारलं, “आणि औदुंबर कुठे आहे गं?” ती म्हणाली, “अरे, कवितेत नाहीच आहे. फक्त नावात आहे.”

मग फोटो मोठा करून पाहिला. पान ‘काळ्या डोहाकडे’ या शब्दांवर संपत होतं. खालच्या दोन ओळी फोटो काढणाऱ्याच्या अंगठ्याखाली गेलेल्या! आठ ओळींची कविता हिच्या हाती सहाच ओळींची लागली होती. शीर्षकात झाड आहे आणि ओळींत नाही, तिथेच शंका यायला हवी होती. पण तिचं तरी काय चुकलं, हिरवं तर सगळीकडे होतंच. मी उरलेल्या ओळी टाइप करून पाठवल्या :

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

आणि फोनवरच बाईंच्या पद्धतीने बसलो. आधी रंगांच्या शब्दांखाली रेघा मारायला सांगितल्या. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. “आता बघ, शेवटचा हिरवा आणि पहिला काळा कुठे भेटतात?” ती थांबली. “एकाच ओळीत. ‘हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे.’” म्हणजे नजर मोकळ्या तटांवरून गाव, मळे असं करत पायवाटेने अंधाऱ्या पाण्यापाशी येते. तिचं ‘आनंदित मन’ सहाव्या ओळीपर्यंतच टिकतं. आशयसौंदर्याचा परिच्छेद या एका वाटेवर उभा राहतो.

मग क्रियापदं. झरा वाहतो, वाट चालते, काळिमा पसरतो आणि झाड बसतं. सगळ्या हालचालीनंतर हे बसणं येतं, म्हणून ते जाणवतं. ‘चेतनगुणोक्ती अलंकार आहे’ एवढं लिहून मुलं पुढे जातात. झाडाने पाय पाण्यात सोडलेत, एखादा माणूस बराच वेळ नदीकाठी बसावा तसं, हे लिहिलं तर तो अलंकार कवितेत काय करतो ते तपासणाऱ्याला दिसतं. गंमत म्हणजे ‘चार घरांचे गाव’ आहे, पण कवितेत माणूस एकही नाही. चालते ती पायवाट, पाय आहेत ते औदुंबराला. हे भाचीनेच शोधलं, मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

भाषासौंदर्यात तिने ‘बसला असला’ यातलं आतलं यमक आणि दोन-दोन ओळींचं अंत्ययमक धरलं. ‘गोड काळिमा’ला मात्र दोघंही अडलो. काळिमा म्हणजे एरवी डाग, तो गोड कसा? तिने लिहिलं, की सावली गार आहे म्हणून गोड. मी म्हटलं, उदासीही कधी कधी हवीशी वाटते. समीक्षकांनी या झाडात विरक्तीही पाहिली आहे, उदासीही. परीक्षेत यातलं कुठलंही चालेल, ओळीतला शब्द दाखवला की झालं.

रात्री तिने नव्या उत्तराचा फोटो पाठवला. त्यातही खालची ओळ अंगठ्याखाली होती. मी परत पाठवला, समासात एकच शब्द लिहून.